उपसर्ग धातूला कुठे वळवतो? श्लोकाचा अर्थ लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गीता-वाचनाच्या ग्रुपवर गेली काही वर्षं जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. उदाहरणं मुद्दाम एकाच ठिकाणची घेतलीत, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञाचा भाग, साधारण २.५८ ते २.६५. बहुतेकांना हे श्लोक पाठ आहेत, आणि या आठ श्लोकांत उपसर्गांच्या जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात. जिथे बाहेर जावं लागलं तिथे श्लोकाचा आकडा दिलाय.

१. उपसर्ग म्हणजे नक्की काय, ते किती आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ पाठ करायचा का?

प्र, परा, अप, सम्, अनु, अव, निस्, निर्, दुस्, दुर्, वि, आ, नि, अधि, अपि, अति, सु, उद्, अभि, प्रति, परि, उप. निस्-निर् आणि दुस्-दुर् वेगळे मोजले तर बावीस, एकेक धरले तर वीस, यास्कांच्या निरुक्तात वीसच आहेत. पाणिनी यांना उपसर्ग म्हणतो ते फक्त क्रियेशी जोडलेले असतील तेव्हा, ही अट लक्षात ठेवा, ती प्रश्न १० मध्ये लागणार आहे.

यादी पाठ करा, अर्थ पाठ करू नका. शाळेत "प्र म्हणजे पुढे, उप म्हणजे जवळ, वि म्हणजे विशेष" असा तक्ता असायचा, तो अंदाज बांधायला ठीक आहे पण श्लोकावर चिकटवायला घेतला की घोटाळा सुरू होतो. उपसर्गांना स्वतंत्र अर्थ आहे का हा वादच फार जुना आहे. निरुक्तात दोन्ही बाजू दिल्यात: शाकटायन म्हणतो की सुटा काढलेला उपसर्ग ठाम अर्थ सांगत नाही, गार्ग्य म्हणतो की त्यांना नाना प्रकारचे अर्थ असतात. श्लोकाचा अर्थ लिहिणाऱ्याला यातून घ्यायचं ते एवढंच, की अर्थ लावायचं एकक "उपसर्ग अधिक धातू" हे अख्खं आहे, सुटा उपसर्ग नाही.

२. एकच धातू आणि अर्थ इतके लांबलांबचे, हे होतं कसं?

यावर परंपरेत एक श्लोक सगळीकडे सांगतात:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

म्हणजे उपसर्ग धातूच्या अर्थाला ओढून दुसरीकडेच नेतो, जसं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. सगळ्यांचा धातू हृ, नेणे. हेच उदाहरण आपल्या आठ श्लोकांत जिवंत सापडतं: २.५८ मध्ये "संहरते", २.५९ मध्ये "निराहारस्य" (आत आ + हृ), आणि २.६० मध्ये उपसर्गाशिवाय नुसतं "हरन्ति प्रसभं मनः". ओळीने तीन श्लोक आणि तिन्हीकडे हृ. गोळा करून आत ओढणं, आत घेणं, ओढून नेणं. वाचताना हे कानाला लागलं की पुढचं सोपं जातं.

पण उपसर्ग दरवेळी इतकी ओढाताण करतोच असं नाही. दुसऱ्या एका कारिकेत तीन प्रकार सांगितलेत, की कुठे तो धातूचा अर्थ बाजूला सारतो, कुठे त्याच्याच मागे जातो, कुठे त्यालाच थोडा ठळक करतो. पहिल्या प्रकारचं उदाहरण म्हणजे स्मरति आणि विस्मरति, वि लागला की आठवणं जाऊन विसरणं. दुसऱ्याचं उदाहरण खालच्या प्रश्न ५ मधलं उपजायते, जिथे अर्थ जवळजवळ जायतेचाच. तिसऱ्याचं उदाहरण प्रश्न ८ मधलं पर्यवतिष्ठते. मी स्वतः अर्थ लिहायला बसले की आधी हेच ठरवते, की इथे तीनपैकी काय चाललंय. हे ठरलं नाही तोवर पेन उचलत नाही.

३. तोच शब्द मराठीत आहे, मग मराठी अर्थच का नाही लावायचा?

कारण मराठीने त्या शब्दाचा एकच अर्थ ठेवून घेतलाय आणि तो कुठला ते श्लोकाला माहीत नाही. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे:

यदा संहरते चायं कूर्मोऽङ्गानीव सर्वशः ।
इन्द्रियाणीन्द्रियार्थेभ्यस्तस्य प्रज्ञा प्रतिष्ठिता ॥ (२.५८)

ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं होतं "जेव्हा हा इंद्रियांचा संहार करतो". मराठीत संहार म्हणजे कत्तल, त्यामुळे त्यांनी तसंच घेतलं, आणि मग कासव अवयवांचं काय करतं या प्रश्नापाशी अडकल्या. कासव अवयव मारत नाही, आत ओढून घेतं. सम् + हृ म्हणजे पसरलेलं एकत्र करून आवरणं. शंकराचार्य भाष्यात संहरतेला "सम्यक् उपसंहरते" असं उलगडतात. मराठीतला "उपसंहार" हा शब्द आठवा, निबंधाच्या शेवटी आपण उपसंहार करतो तेव्हा कोणाला मारत नाही. आणि श्लोकातच पुरावा आहे, "इन्द्रियार्थेभ्यः" ही पंचमी. कशापासून तरी ओढून घ्यायचं असेल तरच पंचमी लागते, मारायचं असेल तर तिचं तिथे काही काम नाही.

आता उलट टोक बघा. ११.३२ मध्ये काळ म्हणतो "लोकान्समाहर्तुमिह प्रवृत्तः". मराठीत समाहार म्हणजे एकत्र करणं, पण इथे सम् + आ + हृ हा चक्क नाश करणं आहे, शंकराचार्य "संहर्तुम्" असाच पर्याय देतात. म्हणजे मराठी कान जिथे नाश ऐकतो तिथे आवरणं आहे आणि जिथे गोळा करणं ऐकतो तिथे नाश आहे.

तिसरं, २.५९ मधलं "निराहारस्य देहिनः". मराठी अर्थ उपाशी, आणि तो अगदीच चूक म्हणता येत नाही. पण आधीच्या श्लोकात इंद्रियं विषयांपासून ओढून घेतलीत, त्या धाग्यात आ + हृ म्हणजे फक्त जेवण नसून विषय आत घेणं असं शंकराचार्य घेतात, विषय न घेणारा तो निराहार. मला ते पटतं, कारण त्या ओळीत विषय परततात असं म्हटलंय, भूक परतते असं नाही. तुम्ही "विषयांचा आहार न घेणाऱ्या" असं लिहिलंत तर दोन्ही सांभाळलं जातं.

४. संधीमध्ये उपसर्ग हरवतो, तो शोधायचा कसा?

आधी क्रियापदाचा शेवट बघून काळ-पुरुष ठरवा, मग धातू, आणि समोर जे उरेल ते सोडवा. य आणि व या अक्षरांवर नजर ठेवा: अभि, परि, प्रति, वि, नि, अधि यांच्यापुढे वेगळा स्वर आला की शेवटचा इ जाऊन य होतो, अनु आणि सु यांचा उ जाऊन व होतो. पर्यवतिष्ठते म्हणजे परि + अव + तिष्ठते.

सगळ्यात फसवा असतो तो भूतकाळाचा अ. "हृदयानि व्यदारयत्" (१.१९) यात वि + अ + दारयत् आहे. मधला अ हा उपसर्ग नाही आणि नकारही नाही, तो भूतकाळाची खूण आहे, आणि तो नेहमी उपसर्ग आणि धातू यांच्या मधे बसतो. "सहसैवाभ्यहन्यन्त" (१.१३) हेही तसंच, अभि + अ + हन्यन्त. कोशात शोधताना तो अ काढून शोधायचं, नाहीतर सापडत नाही आणि माणूस म्हणतो शब्द कोशातच नाही. (हृदयविदारक शब्द मराठीत आहेच, त्यातला विदार् तोच.)

आणखी एक खूण म्हणजे "-ऊन" अर्थाचं रूप. उपसर्ग नसेल तर त्वा, असेल तर य. हित्वा म्हणजे सोडून, आणि "वासांसि जीर्णानि यथा विहाय" (२.२२) मधलं विहाय म्हणजे वि + हा + य. त्यामुळे शेवटी असा य दिसला की समोर उपसर्ग आहेच असं धरून शोधा.

५. २.६२ मध्ये उपजायते, सञ्जायते, अभिजायते अशी तीन वेगळी रूपं का? तीन वेगळे अर्थ लिहायचे का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते ।
सङ्गात्सञ्जायते कामः कामात्क्रोधोऽभिजायते ॥

धातू तिन्हीकडे जन्, चौथा गण, आत्मनेपदी, वर्तमानकाळात जन् चा जा होतो म्हणून जायते. धातुपाठात अर्थ दिलाय प्रादुर्भाव, म्हणजे प्रकट होणं. उपसर्ग उप, सम्, अभि.

मी शिकत होते तेव्हा वहीत "जवळ जन्मतो, एकत्र जन्मतो, समोर जन्मतो" असं लिहिलं होतं आणि ते वाचून मला स्वतःलाच काही कळेना. तक्ता चिकटवला की असंच होतं. मग एका जाणत्या बाईंनी सांगितलं की ही तीन रूपं गीतेत आणखी कुठे येतात ते आधी शोध. शोधलं. "प्रकाश उपजायते" (१४.११), "हानिरस्योपजायते" (२.६५), "सर्गेऽपि नोपजायन्ते" (१४.२). कुठेही "जवळ" बसत नाही, हानी जवळ कशी जन्मेल? "सत्त्वात्सञ्जायते ज्ञानम्" (१४.१७), सत्त्वापासून ज्ञान होतं, "एकत्र" नाही. "योगभ्रष्टोऽभिजायते" (६.४१), श्रीमंतांच्या घरी जन्म घेतो, इथे तर अक्षरशः जन्म आहे. म्हणजे गीतेच्या वापरात तिन्ही रूपं मुख्यतः "उत्पन्न होतं" एवढंच सांगतात. शंकराचार्यही उपजायतेला "उत्पद्यते" आणि सञ्जायतेला "समुत्पद्यते" एवढंच म्हणून पुढे जातात, अभिजायतेला पर्यायसुद्धा देत नाहीत.

पण त्याच ठिकाणी ते दुसरी एक गोष्ट करतात ती शिकण्यासारखी आहे. "कामात्" या शब्दाला ते जोडतात "कुतश्चित् प्रतिहतात्", म्हणजे कशाने तरी अडवलेल्या कामापासून. काम असला की क्रोध येतोच असं नाही, काम अडला की येतो. ही पायरी श्लोकात शब्दाने दिलेली नाही. आपल्यातले बरेच जण ती अभि मध्ये बघतात, की अभि म्हणजे समोर, अंगावर, म्हणून क्रोध अंगावर धावून येतो. वाचायला सुंदर लागतं. पण ६.४१ मधला योगभ्रष्ट कोणाच्या अंगावर धावत नाही, त्यामुळे तो अर्थ अभिजायतेवर लादता येत नाही. भाष्यकाराने जिथे भर घातली तिथे ती नामावर घातली आणि क्रियापद तसंच ठेवलं. आपणही तेच करावं.

६. मग उपसर्ग फक्त वृत्तात बसवायला घातलेत असं म्हणायचं का?

थोडं हो, पण "फक्त" म्हणू नका. हे तपासून बघता येतं. अनुष्टुभाच्या प्रत्येक चरणात आठ अक्षरं, पाचवं लघु, सहावं गुरु, आणि सम चरणात सातवं लघु. जायते हे गुरु-लघु-गुरु, म्हणजे सम चरणाच्या शेवटी ते सहा-सात-आठवर बरोबर बसतं आणि पाचव्या जागी एक लघु लागतो. उपजायतेचा प आणि अभिजायतेचा भि तिथे चपखल बसतात. सम् नाही बसत, कारण "सञ्जा" मधला सं गुरु होतो. म्हणून सञ्जायते तिसऱ्या चरणात मधे आलंय, शेवटी नाही.

आता अदलाबदल करून बघा. "कामात्क्रोध उपजायते" म्हटलं तर नऊ अक्षरं होतात, कारण क्रोधः पुढे उ आला की विसर्ग जातो आणि दोन स्वर वेगळेच राहतात. क्रोधः + अभि मध्ये मात्र "क्रोधोऽभि" होऊन एक अक्षर वाचतं. म्हणजे चौथ्या चरणात उप चालणारच नव्हता. पण दुसऱ्या चरणात "तेष्वभिजायते" हेही आठ अक्षरांत बसलं असतं, तरी तिथे उप आहे. म्हणजे एका जागी वृत्ताने उप अडवला आणि एका जागी तशी अडचण नव्हती.

यातून मी जे घेते ते असं, की जिथे वृत्त एकाच प्रकारच्या उपसर्गाला जागा देतं तिथे त्या उपसर्गावर मोठा अर्थ उभा करू नका. जिथे जागा दोघांना होती तिथे निवडीकडे लक्ष द्या, पण पुरावा इतर ठिकाणच्या वापरातून आणा.

७. ठीक आहे, पण मराठीत लिहायचं काय? तिन्हीकडे "उत्पन्न होतो" लिहिलं तर कंटाळवाणं होतं.

शब्दार्थ आणि अर्थ हे दोन वेगळे रकाने करा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. शब्दार्थात कोरडं लिहायचं, असं:

उपजायते: उप + जन्, वर्तमानकाळ, प्रथमपुरुष एकवचन, कर्ता सङ्गः, "उत्पन्न होतो", उप मुळे अर्थात ठळक फरक नाही.

तो शेवटचा तुकडा लिहायला लोक कचरतात, उपसर्गाने काही केलं नाही असं लिहिणं म्हणजे आपल्याला समजलं नाही असं वाटतं त्यांना. पण तो एक निर्णय आहे आणि तो लिहून ठेवला तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही बघितलंत.

अर्थाच्या रकान्यात मात्र मराठीला मोकळं सोडा. मराठी क्रियापदाला उपसर्ग लावत नाही, ती क्रियापदच बदलते. विनोबांनी गीताईत याच श्लोकात संग "लागला", काम "फुटे", क्रोध कामात "ठेविला" अशी तीन वेगळी क्रियापदं वापरलीत. एकही उपसर्ग नाही, तरी साखळीतली प्रत्येक कडी वेगळी दिसते. आणि "ठेविला" मध्ये क्रोध आधीपासून आत बसलेला आहे हे येतं, जे कुठल्याच उपसर्गात नव्हतं, ती विनोबांची समज आहे. म्हणून दोन रकाने: शब्दार्थात फक्त श्लोकाने दिलेलं, अर्थात तुमची समज.

८. दोन-तीन उपसर्ग एकत्र आले तर कुठून सुरू करायचं?

धातूला चिकटलेल्यापासून. आतून बाहेर.

प्रसन्नचेतसो ह्याशु बुद्धिः पर्यवतिष्ठते ॥ (२.६५)

परि + अव + स्था. आधी अवतिष्ठते ठरवा: स्था म्हणजे थांबणं, अव लागून टिकून राहणं, स्थिर होणं. इथे आणखी एक खूण मिळते. स्था एरवी परस्मैपदी, तिष्ठति, पण सम्, अव, प्र, वि यांच्या नंतर आत्मनेपदी होतो, असं पाणिनीचं सूत्रच आहे (१.३.२२). म्हणजे शेवटचा "ते" दाखवतोय की व्याकरणाच्या दृष्टीने अव आणि स्था ही घट्ट जोडी आहे. परि त्या जोडीवर बाहेरून बसलाय. शंकराचार्यांनी नेमकं हेच केलंय, "आकाशमिव परि समन्तात् अवतिष्ठते", म्हणजे परि सुटा काढून त्याचा अर्थ "सगळीकडून" दिला आणि अवतिष्ठते अख्खं ठेवलं. मराठीत: "बुद्धी सर्व बाजूंनी स्थिर होते". इथे उपसर्गाचा अर्थ लिहिलाच पाहिजे, आणि तो कुठल्या तुकड्यातून आला हेही दाखवता येतं. प्रश्न ५ मधल्या जायतेशी हे ताडून बघा.

२.२ मधलं "समुपस्थितम्" असंच करा: उप + स्था म्हणजे जवळ येऊन ठेपणं, सम् ने त्यात फारशी भर नाही.

९. प्र म्हणजे प्रकर्षाने आणि वि म्हणजे विशेष, असं सगळ्या टीकांमध्ये असतं. ते चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, पण ती शेवटची पायरी आहे, पहिली नाही. २.५९ मध्येच बघा, पहिल्या ओळीत "विषया विनिवर्तन्ते" आणि दुसऱ्या ओळीत "रसोऽप्यस्य परं दृष्ट्वा निवर्तते". वि म्हणजे विशेष धरलं तर विषय विशेष परततात आणि रस नुसताच परततो असं होईल. श्लोकाचं म्हणणं बरोबर उलट आहे: विषय परतले तरी गोडी मागे राहते, आणि ती गोडी जाणं हीच मोठी गोष्ट. म्हणजे इथे वि ला वजन दिलं तर श्लोक उलटा होतो. दोन्हीकडे "परततात, परततो" एवढंच लिहा.

"बुद्धिनाशात्प्रणश्यति" (२.६३) मध्ये प्र ला "पूर्णपणे" म्हणावं का? साखळी इथे संपते आणि आधी नाश शब्द उपसर्गाशिवाय येऊन गेलाय, त्यामुळे म्हणता येईल, मी कंसात लिहीन. पण ६.३० मधलं "तस्याहं न प्रणश्यामि" वाचा, तिथे "मी त्याचा पूर्णपणे नाश पावत नाही" हे निरर्थक आहे, शंकराचार्य म्हणतात "न परोक्षतां गमिष्यामि", मी त्याच्या नजरेआड होत नाही. आणि ते प्र मुळे नाही, धातूमुळे आहे! धातुपाठात नश् चा अर्थच "अदर्शन", न दिसणं, असा दिलाय. उपसर्गाला दोष किंवा श्रेय देण्याआधी धातूचा मूळ अर्थ बघावा तो यासाठी.

(प्रणश्यतिचा कर्ताही श्लोकात लिहिलेला नाही. तो ६२ मधल्या "पुंसः" वरून "तो पुरुष" असा घ्यायचा.)

९अ. प्रणश्यति मध्ये ण का? आणि १८.७२ मध्ये काही पुस्तकांत "प्रनष्टस्ते", काहींत "प्रणष्टस्ते", बरोबर काय?

धातुपाठात हा धातू "णश" असा ण ने लिहिलाय. अशा धातूच्या आधी र असलेला उपसर्ग आला की न चा ण होतो, म्हणून प्र + नश्यति = प्रणश्यति. पण पाणिनीनेच अपवाद दिलाय, की नश् च्या शेवटचा श् जिथे ष् होतो तिथे ण होत नाही (८.४.३६). नष्ट मध्ये ष् आहे, म्हणून प्रनष्ट. व्याकरणाने "प्रनष्टस्ते" बरोबर. ण छापलेलं पुस्तक असेल तर अर्थ बदलत नाही, फक्त टिपेत नोंद करा. हा ण किंवा ष उपयोगीही असतो: विषीदन् (१.२८) मध्ये ष दिसला तरी धातू सद् च आहे, आणि २.६४ मधल्या "प्रसादम्" मध्येही तोच. एक खाली बसणं, खचणं, दुसरं गाळ खाली बसून पाणी निवळणं, तसं मनाचं निवळणं. प्रसाद म्हटलं की डोळ्यासमोर द्रोणातला शिरा येतो, इथे तो नाही.

१०. प्रति, निर् वगैरे दिसले पण क्रियापदाला चिकटलेले नाहीत. ते उपसर्ग धरायचे का?

नाही. प्रश्न १ मधली अट आठवा, क्रियेशी जोड पाहिजे. "भोगैश्वर्यगतिं प्रति" (२.४३) इथे प्रति द्वितीयेतल्या नामाबरोबर आहे, "कडे, साठी" असा अर्थ, याला कर्मप्रवचनीय म्हणतात. तो कुठल्या क्रियापदाला जोडू नका. निराहार मध्येही आ चा हृ शी संबंध आहे म्हणून आ उपसर्ग, पण निर् चा हृ शी संबंध नाही, तो "आहार नसलेला" असं सांगतोय. एकाच शब्दात एक उपसर्ग आहे आणि दुसरा दिसायला तसाच असून नाही.

उलटा प्रकारही असतो, उपसर्ग क्रियापदाचाच असतो पण नामाची विभक्ती बदलतो. "प्रकृतिं स्वामधिष्ठाय" (४.६): स्था ला एरवी सप्तमी लागली असती, अधि मुळे द्वितीया आली. म्हणून "प्रकृतीमध्ये राहून" न लिहिता "प्रकृतीला ताब्यात घेऊन" असं काहीतरी सकर्मक लिहा.

११. "आ कृष्णेन रजसा" मधला आ कोणाचा?

सूर्याचा हा मंत्र ग्रहांच्या पूजेत आपल्याकडे घरोघरी म्हणतात म्हणून हा प्रश्न येतो. "आ कृष्णेन रजसा वर्तमानो", यातला आ हा वर्तमानः चा आहे, मधे दोन शब्द गेलेत. वेदात असं चालतं, पाणिनीने तशी मोकळीक सांगितलीय. "आ नो भद्राः क्रतवो यन्तु विश्वतः" मध्ये आ आणि यन्तु जोडा, येवोत. न जोडता वाचलं तर यन्तु म्हणजे जावोत, आणि चांगले विचार निघून जावोत असा अर्थ होईल. गीतेत आणि नंतरच्या काव्यात उपसर्ग असा दूर ठेवत नाहीत, तिथे शोधत बसू नका.

१२. मराठी "उपजणे" म्हणजे उपजायतेच ना?

दिसतं तसं, आणि ज्ञानेश्वर याच ठिकाणी "जेथ कामु उपजला" म्हणतात त्यामुळे तर खात्रीच वाटते. पण भाषेचे अभ्यासक उपजणेची वाट वेगळी दाखवतात: संस्कृत उत्पद्यते, त्याचं प्राकृत उप्पज्जइ, त्यावरून उपजणे. म्हणजे उद् + पद्, उप + जन् नाही. गंमत म्हणजे शंकराचार्यांनी उपजायतेला दिलेला पर्यायही उत्पद्यतेच आहे. अर्थाला म्हणून "उपजतो" बिनधास्त वापरा, पण व्युत्पत्तीच्या रकान्यात उप + जन् खाली ते लिहू नका.

१३. कोशात कुठे बघायचं?

आपट्यांच्या कोशात धातूखाली जा, नोंदीच्या शेवटी उपसर्ग लावून अर्थ दिलेत. मोनियर-विल्यम्समध्ये उपसर्गाच्या अक्षराखाली जा, उपजन् हे उप मध्ये सापडेल, जन् मध्ये नाही. पहिला अर्थ उचलू नका, तुमच्या श्लोकातलं कर्म आणि विभक्ती ज्या अर्थाशी जुळते तो घ्या, जसं संहरतेला पंचमीने सोडवलं.

१४. २.६३ मध्ये आधी "स्मृतिविभ्रमः" आणि लगेच "स्मृतिभ्रंशात्". वि गळला का?

वि गळला असं वाटतं, पण धातूच बदललाय. पहिला भ्रम्, धातुपाठात "अनवस्थान", जागेवर न राहणं. दुसरा भ्रंश्, "अधःपतन", खाली पडणं. साखळीत बाकी सगळीकडे मागचा शब्द तसाच पुढे येतो (सङ्गः, सङ्गात्, कामः, कामात्, सम्मोहः, सम्मोहात्, बुद्धिनाशो, बुद्धिनाशात्), इथेच तो बदलतो. शंकराचार्य "विभ्रमो भ्रंशः" असं म्हणून दोन्ही एकच धरतात आणि अर्थ सांगतात, की आठवण यायचं निमित्त समोर असूनही ती न येणं. साखळी तुटू नये म्हणून हे बरोबरच आहे. शब्दार्थात मी तरी दोन्ही धातू वेगळे लिहिते: विभ्रम, वि + भ्रम्, आठवण भरकटणं, भ्रंश, भ्रंश्, उपसर्ग नाही, आठवण गळून पडणं, आणि पुढे "भाष्यात दोन्ही एकच". अर्थाच्या रकान्यात "मोहाने आठवण भरकटते, आठवण सुटली की बुद्धी जाते" असं लिहिलंय, आणि "विशेष भ्रम" असं कुठेही लिहिलेलं नाही.